साठीशांतीची पाहुणे यादी: नक्की, बघू, नाही (इंदूर, कामाच्या नोंदी)

४ जानेवारी, रविवार

कार्यक्रम १ फेब्रुवारीला, राजेंद्रनगरातल्या एका छोट्या हॉलमध्ये. सकाळी होम, दुपारी जेवण. केटररची अट अशी की २९ जानेवारीला सकाळी ताटांचा पक्का आकडा द्यायचा. त्या आकड्याचे पैसे पूर्ण द्यावे लागतील, माणसं कमी आली तरी. आकड्याच्या वर पाच ताटांची तयारी तो स्वतःहून ठेवतो आणि वापरली तरच त्यांचे पैसे घेतो. म्हणजे या शीटचं काम एकच आहे: २९ तारखेला एक आकडा काढून देणं. त्याला उपयोग नाही असा रकाना ठेवायचा नाही.

घरातल्या ग्रुपवर आधी पोल टाकायचा विचार होता, तो सोडला. पोलमध्ये मत माणसाचं पडतं, ताटाचं नाही. चार जणांच्या घरातून एकानेच बोट लावलं की एक दिसतो, आणि नवरा-बायको दोघांनी वेगवेगळं लावलं तर मुलं धरली की नाही ते कळत नाही.

गूगल शीट्समध्ये फाइल केली. एका ओळीत एक घर. घर म्हणजे जे एकत्र निघतील आणि ज्यांच्या वतीने एकजण उत्तर देईल ते. रकाने असे: A घर, B गाव, C बोलावले, D नक्की, E बघू, F नाही, G बाकी, H फोन, I नोंद.

महत्त्वाचं म्हणजे D, E आणि F मध्ये बरोबरची खूण करायची नाही, माणसांची संख्या लिहायची. चार जणांना बोलावलं, दोघं नक्की, मुलीचं कॉलेजवर अवलंबून आणि आजोबा येणार नाहीत, अशा घराला खूण कुठे करणार? आकड्यात ते सरळ २, १, १ असं बसतं. तिन्हींची बेरीज C एवढी झाली की त्या घराचा हिशेब पुरा. उरलेले किती ते G सांगतो:

```
=C3-(D3+E3+F3)
```

इथे मुद्दाम `SUM` न वापरता अधिकची चिन्हं वापरली आहेत. कुणी "4 जण" असं लिहिलं तर `SUM` ते शब्द समजून मुकाट्याने सोडून देतो आणि बेरीज कमी येते. अधिकच्या चिन्हाला ते चालत नाही, तो लगेच `#VALUE!` दाखवतो. रिकाम्या खान्याला मात्र दोघंही शून्यच धरतात, त्यामुळे अजून न विचारलेल्या घरांचा त्रास नाही.

बेरजेची ओळ तळाशी न ठेवता वर, दुसऱ्या ओळीत ठेवली. तळाशी असली की नवीन घर तिच्या खाली लिहिलं जातं आणि बेरजेत येतच नाही. D2 मध्ये:

```
=SUM(D3:D)
```

C, E, F आणि G लाही तसंच. मग `View` > `Freeze` मधून वरच्या दोन ओळी जागीच राहतील असं केलं.

६ जानेवारी, मंगळवार

यादी भरली: २४ घरं, ७८ जण. इंदूरची १४ घरं (४५ जण), देवास आणि उज्जैन मिळून ४ घरं (१३), पुण्याची ३ (११), ग्वाल्हेरची २ (५), वडोदऱ्याचं १ (४). पाच वर्षांखालची मुलं C मध्ये धरलेली नाहीत कारण केटरर त्यांचं ताट मोजत नाही. त्यांची संख्या I मध्ये लिहिली, खुर्च्यांच्या वेळी लागेल.

पहिल्या मसुद्यात २५ घरं होती. यादी दोघांनी मिळून भरली होती, त्यात एकाने "मोठी मावशी" लिहिलं आणि दुसऱ्याने "तिलकनगरची आत्या". बाई एकच. नाती लिहिणाऱ्याप्रमाणे बदलतात, म्हणून A मध्ये नातं लिहायचं नाही. आडनाव आणि वस्ती लिहायची: "जोशी, तिलकनगर". एकाच वस्तीत दोन जोशी असतील तर घरातल्या मोठ्यांचं नावही जोडायचं.

ही जोडी फोन नंबरवरून सापडली. H मध्ये नंबर दहा आकडीच लिहायचा, पुढे ० किंवा +91 नाही आणि मध्ये जागाही नाही, नाहीतर तोच नंबर दोन वेगळे वाटतात. `Format` > `Conditional formatting` मध्ये H रकान्याला हे सूत्र दिलं, की दोनदा आलेला नंबर रंगतो:

```
=AND($H3<>"",COUNTIF($H$3:$H,$H3)>1)
```

१० जानेवारी, शनिवार

फोन सुरू. कोणत्या उत्तराला कोणता रकाना, हे आधी ठरवलं नाही तर तीन फोन करणारे तीन तऱ्हेने भरतात. आपल्याकडे "नाही" असं तोंडावर कोणी म्हणत नाही, अडचण तिथेच आहे.

ठरलं ते असं. संख्येसकट होकार आला तरच नक्की. "अहो, येणारच ना, घरचंच कार्य" हे नक्की नव्हे, कारण त्यात कोण आणि किती ते नाही. तिथे लगेच विचारायचं, "किती ताटं धरू?" ताट म्हटलं की माणूस घरात वळून विचारतो आणि आकडा सांगतो. "किती जण येणार?" म्हटलं की "बघू, सगळेच" असं उत्तर येतं. फरक शब्दाचाच आहे, पण पडतो.

"बघतो", "जमवतो", "प्रयत्न करतो" हे सगळं बघू मध्ये. मात्र अशा प्रत्येक नोंदीला I मध्ये कशावर अडलंय ते लिहायचं: तिकीट, परीक्षा, रजा, तब्येत. कारण असलं की ते कधी सुटणार हेही कळतं आणि त्या तारखेला पुन्हा फोन करता येतो. कारण न सांगता आलेलं "बघू" बहुतेक वेळा सौजन्याचं नाही असतं. तरी ते आपल्या मनाने नाही मध्ये टाकायचं नाही, बघू मध्येच ठेवायचं आणि शेवटच्या फेरीत विचारायचं. "आमचे आशीर्वाद आहेतच" किंवा "तुम्ही छान करून घ्या" हे मात्र सरळ नाही मध्ये.

I मधल्या नोंदीचा साचा: तारीख, विचारणाऱ्याचं आद्याक्षर, उत्तर कुणी दिलं, कारण. उदाहरणार्थ "१०/१, सु., काकूंनी सांगितलं, मुलाची प्रॅक्टिकल". उत्तर कुणी दिलं हे लिहायचं कारण असं की काकांनी "चौघं येतो" म्हटलं आणि दोन दिवसांनी काकूंनी "आम्ही दोघंच" म्हटलं तर काकूंचं धरायचं. मुलांचं वेळापत्रक त्यांनाच ठाऊक असतं.

१२ जानेवारी, सोमवार

यादीत घरचीच माणसं नव्हती. ही चूक हमखास होते, कारण यादी "कुणाला बोलवायचं" म्हणून सुरू होते आणि घरच्यांना कोण बोलावतं? दोन ओळी वाढवल्या. "यजमान घर" ६ आणि "गुरुजी, साहाय्यक, ड्रायव्हर" ४. दोन्ही पहिल्यापासून नक्की. आता २६ ओळी, ८८ ताटं.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली, हळदीकुंकवं सुरू झाली आणि उत्तरं फोनवर न येता वाणाबरोबर यायला लागली. आईला तीन घरांनी तिथेच सांगितलं, आईने परत येऊन मोबाइलवरून शीट भरली. चांगलंच झालं, पण G2 मध्ये `#VALUE!` आलं.

कारण मराठी कीबोर्ड. "४" असा देवनागरी आकडा टाइप झाला होता आणि आपल्या फाइलमध्ये तो शब्द म्हणून बसला. D2 ची बेरीज त्याला न मोजताच शांतपणे येत होती, चारने कमी. त्या घराच्या G मध्ये चूक दिसली म्हणून कळलं. सूत्राशिवाय ओळखायची सोपी खूण अशी की खऱ्या संख्या खान्यात उजवीकडे चिकटतात आणि शब्द डावीकडे. रकाना मुद्दाम मध्यावर आणला असेल तर ही खूण जाते. म्हणून C ते F मध्ये शोभेसाठी आकडे मधोमध आणायचे नाहीत.

कायमचा उपाय म्हणून D3:F40 निवडून `Data` > `Data validation` > `Add rule`. अट `is between` 0 आणि 20, आणि खाली `Reject the input`. आता "४" किंवा "4 जण" लिहू गेलं तर शीट घेतच नाही. घरातल्यांना सांगितलं की आकडे इंग्रजी कीबोर्डवरून टाकायचे, नोंद मराठीत कशीही लिहा. दुसरीकडून खाना जसाच्या तसा आणून चिकटवला तर हा नियम पुसला जाऊ शकतो, तेव्हा आकडा हातानेच टाइप करायचा.

१८ जानेवारी, रविवार

सकाळी शीट उघडली तर पुण्याचं घर "देवास" दाखवत होतं आणि दोन माणसांच्या घरापुढे नक्की ५. कुणीतरी नावं अकारविल्हे लावायला फक्त A रकाना निवडून क्रम लावला होता. नावं हलली, आकडे जागच्या जागी राहिले.

हे हाताने दुरुस्त करत बसू नये. `File` > `Version history` > `See version history` मध्ये रात्रीची प्रत सापडली, ती परत आणली. त्यानंतर आलेल्या दोन नोंदी I मधल्या तारखेवरून पुन्हा भरल्या. I मध्ये तारीख नसती तर कोणत्या दोन ते कळलं नसतं.

असा घोटाळा ओळखायला B रकाना उपयोगी पडतो. घर आणि गाव जुळत नाही हे घरातल्या कुणालाही एका नजरेत दिसतं. म्हणून तो ठेवला आहे, हिशेबात त्याचं दुसरं काम नाही. क्रम लावायचाच असेल तर रकान्याच्या अक्षरावरून `Sort sheet A to Z` वापरायचं. त्यात पूर्ण ओळी हलतात आणि गोठवलेल्या वरच्या दोन ओळी जागेवर राहतात. शिवाय दुसरी ओळ आणि G रकाना `Data` > `Protect sheets and ranges` मधून बंद केला. बदल करायची मुभा आता तिघांनाच, बाकीच्यांना फक्त बघता येईल.

२१ जानेवारी, बुधवार

नक्की ५१, बघू १५, नाही ९, बाकी १३. एकूण ८८, जुळतं.

बघू आणि बाकी यांत गल्लत होऊ द्यायची नाही. बघू म्हणजे विचारलं आणि अडलं. बाकी म्हणजे विचारलंच नाही, किंवा फोन उचलला नाही. बाकीतल्या १३ माणसांची पाच घरं आहेत आणि तो उशीर आपला आहे, त्यांचा नाही. उद्यापासून आधी ती पाच घरं, बघू नंतर.

ओळीला रंग देण्याचे दोन नियम घातले. G ऋण झाला की लाल, शून्याहून मोठा असला की पिवळा:

```
=$G3<0
=$G3>0
```

लाल कधी होतं ते आजच दिसलं. ग्वाल्हेरच्या एका घराचे तिघं बघू होते. त्यांनी होकार कळवला तेव्हा D मध्ये 3 लिहिलं पण E मधले 3 काढायचे राहिले. बोलावले ३, बेरीज ६, G मध्ये उणे ३. नुसत्या खुणांची यादी असती तर ही तीन माणसं दोन्हीकडे मोजली गेली असती आणि ते दिसलंही नसतं. हलवताना आधी जुन्या रकान्यातून काढायचं, मग नव्यात लिहायचं. मध्येच फोन वाजला तरी ओळ पिवळी राहते, अर्धवट काम विसरत नाही.

(हे वर दिलेले १५ बघू त्या दुरुस्तीनंतरचे आहेत.)

२५ जानेवारी, रविवार

बाकी शून्य. पाच घरांतून ८ नक्की, २ बघू, ३ नाही. आता नक्की ५९, बघू १७, नाही १२.

सतराचं काय करायचं यावर घरात दोन मतं. एक म्हणजे निम्मे धरा, आठ-नऊ. शेकडोंच्या लग्नात असा अंदाज चालेल, इथे नाही. कारण बघू मधली माणसं सुटी सुटी हलत नाहीत, घराघराने हलतात. सतरा जण म्हणजे सात घरं: पुण्याची दोन (४ आणि ३), इंदूरची तीन (प्रत्येकी २), ग्वाल्हेरचं एक (२), देवासचं एक (२). पुण्याचे चौघं एका तिकिटावर आहेत, ते येतील तर चारही, नाहीतर एकही नाही. निम्म्याचा अंदाज अशा घरी कधीच खरा ठरत नाही. सातच घरं आहेत, सात फोन करणं जास्त सोपं.

पुण्याच्या दोन्ही घरांचं अडलंय ते वेटिंग तिकिटावर. यात एक गोष्ट ध्यानात ठेवायची. ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्ण वेटिंगवरच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. चार्ट तर गाडी सुटायच्या काही तास आधी, फार तर आदल्या संध्याकाळी लागणार, केटररची मुदत त्याच्या आधीची. म्हणजे हे बघू २९ तारखेपर्यंत सुटलं नाही तर शीट कितीही नेटकी असली तरी सुटणार नाही. त्याची तजवीज केटररच्या वरच्या पाच ताटांतच करायला हवी. चौघं आणि तिघं मिळून सात होतात, पाचात मावत नाहीत. एक तरी घर तोवर पक्कं व्हायला हवं.

होकाराचं वजनही सारखं नसतं. पुण्याचा किंवा वडोदऱ्याचा होकार पक्का, त्यामागे काढलेलं तिकीट असतं. देवास-उज्जैनचा होकार सैल. सकाळी उठून निघायचं, संध्याकाळी परत, त्यामुळे येणंही सोपं आणि न येणंही. इंदुरातल्या घरांचंही तेच. शेवटच्या फेरीत म्हणूनच जवळच्या नक्की घरांनाही एक निरोप टाकायचा, लांबच्यांना गरज नाही.

२८ जानेवारी, बुधवार

शेवटची फेरी. प्रश्न बंद ठेवला: "उद्या सकाळी केटररला आकडा द्यायचाय, तुमची दोन ताटं धरू की नको?" याला "बघतो" असं उत्तर देणं अवघड जातं, आणि "नको" म्हणणं "येत नाही" म्हणण्यापेक्षा सोपं.

इंदूरच्या तीन घरांपैकी दोन नक्की (४ जण), एक नाही (२). देवासचे दोघं नक्की. ग्वाल्हेरचे दोघं नाही. पुण्याच्या चौघांचं तिकीट पक्कं झालं, तिघं अजून वेटिंगवर.

नक्की ६९, बघू ३, नाही १६. बाकी ०. एकूण ८८.

२९ जानेवारी, गुरुवार

सकाळी केटररला ६९ सांगितले आणि तोच आकडा मेसेज करून लेखी ठेवला. तीन बघू त्याच्या पाच ताटांत मावतात, म्हणून त्यांच्यासाठी पैसे आधीच भरायची गरज नाही. बघू सहा किंवा जास्त उरले असते तर पाचाच्या वरचे तेवढे आकड्यात घ्यावे लागले असते.

शीटची एक प्रत `File` > `Make a copy` करून ठेवली, नावात "२९ जाने ६९". इथून पुढचे बदल मूळ फाइलमध्ये, प्रत जशीच्या तशी. नंतर हिशेबाच्या वेळी आकडा कुठून आला ते दाखवता येतं.

१ फेब्रुवारी, रविवार

J रकाना वाढवला: आले. दारात उभं राहून मोजायचं नाही, लोक आत-बाहेर करतात. पंगत बसल्यावर एकाने मोबाइलवर घरागणिक भरलं, दहा मिनिटांचं काम.

पुण्याचं वेटिंग सुटलं नाही, ते तिघं नाही मध्ये. इंदूरच्या एका घरी ताप आला, चारांपैकी दोघंच आले. आणखी एका घरातले एकजण आले नाहीत. उलट एका घराने आपल्याकडे आलेले दोन पाहुणे बरोबर आणले. जेवले ६८.

पाहुण्यांचे पाहुणे त्या घराच्या ओळीतच भरले तर C पेक्षा J मोठा होतो, बेरीज बिघडत नाही कारण J कोणत्याच सूत्रात नाही. नोंदीत "+२ पाहुणे" लिहिलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

केटररचं बिल ६९ ताटांचं, वरच्या पाचातलं एकही वापरलं नाही. २९ तारखेची प्रत दाखवून हिशेब मिटवला.

पुढच्या कार्यासाठी फाइलची एक रिकामी नक्कल केली. D, E, F, I आणि J पुसले, घरं, गाव, फोन आणि C ठेवले. "यजमान घर" आणि "गुरुजी, साहाय्यक, ड्रायव्हर" या दोन ओळी आता सगळ्यात वर, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत. मुंज एप्रिलात आहे, तोवर एका घराचा पत्ता बदलणार आहे, ते I मध्ये लिहून ठेवलं.